रेसबरोबर चढणारी शिट्टी

प्रस्तावना

गाडी सुरू असते, फोन चार्जरला लावलेला असतो, ऑक्सची पिन फोनमध्ये असते आणि गाणं चालू असतं. गाण्याचा आवाज जरा खाली आला की मागून एक बारीक शिट्टी ऐकू येते. रेस दिली की ती चढते, पाय उचलला की उतरते, गिअर बदलला की मध्येच घसरते. गाणं थांबवलं तरी ती थांबत नाही, उलट तेव्हा जास्तच ठळक होते. इंजिन बंद केलं की मात्र गायब. असं झालं की गाडीवाल्याला पहिली शंका येते ती स्पीकरची, दुसरी ऑक्स केबलची आणि तिसरी, गॅरेजात कुणीतरी बोललं म्हणून, डायनामोची. तिन्हींवर पैसे घालून झाले तरी शिट्टी बहुतेक वेळा जागच्या जागी असते.

ही पुस्तिका त्या एका शिट्टीबद्दल आहे. गाडीत नवा अँप्लिफायर कसा बसवावा, स्पीकर कोणते घ्यावेत, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. फोन, चार्जर, ऑक्स केबल आणि कंपनीतून आलेला किंवा नंतर बसवलेला साधा स्टिरिओ, एवढाच पसारा धरला आहे. वाचणारा वायरमन असेल किंवा स्वतःच्या गाडीत स्वतः हात घालणारा मालक असेल, असं गृहीत धरलं आहे. पुढच्या पानांवर वायरिंगच्या आकृत्या येतील. त्या समजायच्या तर एक गोष्ट आधी मनात पक्की बसायला हवी, म्हणून प्रस्तावना लांबवली आहे. चार्जर लावलेल्या आणि ऑक्स जोडलेल्या फोनला दोन वाटांनी अर्थिंग मिळतं, आणि त्यातली एक वाट गाण्याच्या तारेतून जाते. शिट्टीचं सगळं मूळ या वाक्यात आहे.

सुरुवात शिट्टीच्या जन्मापासून करू. गॅरेजात ज्याला आपण सर्रास डायनामो म्हणतो तो खरं तर अल्टरनेटर. तो थ्री-फेज एसी वीज तयार करतो आणि त्याच्याच पोटातले सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीच्या डीसीसारखी सपाट नसते. तिच्यावर बारीक लाटा असतात. त्या किती वेगाने येतात याचा हिशेब कागदावर करता येतो. बऱ्याच लहान गाड्यांच्या अल्टरनेटरच्या रोटरला 12 पोल, म्हणजे 6 जोड्या असतात. एका फेऱ्यात विजेची 6 आवर्तनं होतात आणि सहा डायोडांमुळे प्रत्येक आवर्तनाच्या 6 लाटा पडतात. म्हणजे रोटरच्या एका फेऱ्याला 36 लाटा. इंजिनच्या पुलीपेक्षा अल्टरनेटरची पुली लहान असते, म्हणून तो इंजिनच्या साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. अडीच पट धरली तर 800 आरपीएमच्या आयडलिंगला अल्टरनेटर 2000 आरपीएमने, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 फेरे फिरतो. 33 गुणिले 36, म्हणजे जवळपास 1200 हर्ट्झ. इंजिन 1600 वर नेलं की 2400 हर्ट्झ, 2400 वर नेलं की 3600 हर्ट्झ.

माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. अल्टरनेटरच्या लाटा नेमक्या तिथे येऊन बसतात, म्हणून एवढीशी गळतीसुद्धा जाणवते. या हिशेबाचा एक रोकडा उपयोगही आहे. दुसऱ्या एखाद्या फोनवर आवाजाची वारंवारिता दाखवणारं ॲप टाकून तो स्पीकरजवळ धरा आणि इंजिन 800 वरून 1600 वर न्या. उभी रेघ बरोबर दुप्पट जागी सरकली तर शिट्टी अल्टरनेटरची आहे. रेघ जागची हलली नाही तर आवाज इंधनाच्या पंपाचा, पंख्याचा किंवा खुद्द चार्जरचा असू शकतो. शिट्टीऐवजी टक-टक ऐकू येत असेल आणि ती रेसबरोबर घाई करत असेल, तर पेट्रोल गाडीत स्पार्कच्या बाजूला बघावं. चार सिलिंडरच्या इंजिनात 800 आरपीएमला सेकंदाला सुमारे 27 ठिणग्या पडतात. त्यांचा सूर होत नाही, ठोके होतात.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेला मुद्दा. शिट्टी अल्टरनेटरची आहे म्हणजे अल्टरनेटर बिघडलाय, असं नाही. लाटा धडधाकट अल्टरनेटरमध्येही असतातच. बिघाड तपासायचाच असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून, इंजिन सुरू ठेवून, दिवे आणि ब्लोअर चालू करून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरवर हे मोजमाप व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर संशय घ्यायला जागा आहे. एखादा डायोड उघडा पडला की लाटांची समान ओळ मोडते, आवाज खालच्या पट्टीत घरघरल्यासारखा येतो आणि बरेचदा दिवेही थरथरतात. स्वच्छ, बारीक, रेसबरोबर चढणारी शिट्टी आणि बॅटरीवर 0.05 व्होल्ट एसी, असा जोड दिसला तर अल्टरनेटरला हात लावू नये.

लाटा सगळ्याच गाड्यांच्या विजेत आहेत, तर मग रेडिओवर शिट्टी का येत नाही आणि ऑक्सवरच का येते? याचं उत्तर अर्थिंगच्या वाटेत आहे.

गाडीत प्रत्येक वस्तूला प्लसची स्वतंत्र तार जाते, पण मायनस मात्र पत्र्यातून परततो. स्टिरिओचा मायनस डॅशबोर्डच्या मागच्या एका बोल्टवर असतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा दुसऱ्या बोल्टवर. पत्रा हा उत्तम वाहक असला तरी त्याला, आणि विशेषतः बोल्टच्या जोडांना, थोडा का होईना रोध असतोच. ब्लोअर, दिवे, काचा यांचा करंट त्या जोडांमधून परतताना प्रत्येक ठिकाणी काही मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे दोन्ही बोल्ट अर्थिंगचेच, तरी ते विजेच्या दृष्टीने एका पातळीवर नसतात. त्यांच्यात एक बारीक फरक राहतो आणि त्या फरकावर अल्टरनेटरच्या लाटा स्वार असतात. एका नळजोडावर दोन घरं असली की एकाने तोटी सोडताच दुसऱ्याची धार बारीक होते, तसंच हे आहे.

फोन मध्ये आला की हे दोन बोल्ट एका तारेने जोडले जातात. गाडीतले जवळपास सगळे चार्जर आतून असे असतात, की 12 व्होल्टच्या बाजूचा मायनस आणि यूएसबीच्या 5 व्होल्टचा मायनस ही एकच तार असते. म्हणून फोनचा मायनस चार्जरमधून सॉकेटच्या बोल्टवर जातो. फोनच्या हेडफोन जॅकचा मायनस हाही फोनचाच मायनस. तो ऑक्स केबलच्या जाळीतून स्टिरिओत आणि तिथून स्टिरिओच्या बोल्टवर जातो. फेरा पूर्ण झाला: सॉकेटचा बोल्ट, चार्जर, फोन, ऑक्सची जाळी, स्टिरिओ, त्याचा बोल्ट, पत्रा आणि परत सॉकेटचा बोल्ट. इंग्रजी पुस्तकांत याला ग्राउंड लूप म्हणतात आणि आपले वायरमनही तोच शब्द वापरतात.

या फेऱ्यातली सर्वांत नाजूक जागा ऑक्सची जाळी आहे, कारण तिला दोन कामं करावी लागतात. ऑक्समध्ये डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची सामाईक जाळी, अशा तीनच वाटा असतात. फोन गाण्याचं व्होल्टेज स्वतःच्या मायनसच्या हिशेबाने पाठवतो. स्टिरिओ तेच व्होल्टेज स्वतःच्या मायनसच्या हिशेबाने मोजतो. दोघांचे मायनस एका पातळीवर असतील तर स्टिरिओला फक्त गाणं दिसतं. जाळीतून परका करंट वाहत असेल तर तिच्या दोन टोकांत फरक पडतो आणि तो फरक स्टिरिओ गाण्यातच मिळवून टाकतो. त्याला तो गाण्यापासून वेगळा ओळखताच येत नाही.

हे किती थोडक्यात बिघडतं ते पाहा. मधल्या व्हॉल्यूमवर फोनमधून गाण्याचे साधारण 100 मिलिव्होल्ट येतात असं धरू. जाळीवर 1 मिलिव्होल्टचा फरक पडला तर शिट्टी गाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी, म्हणजे 40 डेसिबलने खाली असते. ढोल-ताशाच्या गाण्यात ती बुडून जाईल. एकट्या तंबोऱ्यावर आलाप चालू असताना ती सरळ कानावर येते. रेडिओवर ती येत नाही, कारण रेडिओ स्टिरिओच्या पोटातच आहे. त्याचा आवाज बाहेरच्या जाळीवरून प्रवास करत नाही.

चार्जरची भूमिका इथे संपत नाही. तो दुसऱ्या वाटेनेही त्रास देतो, आणि तो त्रास इंजिन बंद असतानाही ऐकू येतो. फोन चार्ज होताना समजा दीड अँपिअर करंट घेतो. तो करंट फोनमधून चार्जरकडे परतायला निघतो तेव्हा त्याला दोन वाटा दिसतात. एक यूएसबी केबलमधली काळी तार आणि दुसरी ऑक्सची जाळी, स्टिरिओ आणि पत्रा. स्वस्त चार्जिंग केबलमधली काळी तार केसासारखी बारीक असते, मीटरभर लांबीला जोडांसकट तिचा रोध 0.2 ओहम सहज भरतो. ऑक्सच्या वाटेचा 0.3 ओहम धरला तर दीड अँपिअरपैकी सुमारे 0.6 अँपिअर गाण्याच्या जाळीतून जातो. जाळीच्या दोन टोकांत 0.18 व्होल्ट पडतात. हे सगळं स्थिर डीसी असतं तर स्टिरिओच्या दारातल्या कपॅसिटरने अडवलं असतं. पण चार्जिंगचा करंट स्थिर नसतो. फोनचा स्क्रीन उजळतो, नकाशा नव्याने आखला जातो, चार्जर हलक्या भाराला थांबून-थांबून काम करतो, आणि त्या प्रत्येक हालचालीची चर्रचर्र स्पीकरमधून येते. शंभरातला एक हिस्साच हलला तरी जवळपास 2 मिलिव्होल्ट झाले. लांब, बारीक चार्जिंग केबल घेतली की आवाज वाढतो आणि आखूड, जाड केबल घेतली की कमी होतो, याचं कारण हेच. चार्जिंग केबल बदलून गाणं सुधारतं हे अनेकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवला.

शिट्टी कुठून येते हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. ऑक्स जोडलेली ठेवा, इंजिन सुरू ठेवा, गाणं थांबवा आणि चार्जर सॉकेटमधून काढा. शिट्टी तत्क्षणी गेली तर फेरा तुटला म्हणून गेली. एवढ्यावर चार्जर खराब ठरत नाही, म्हणून आता तोच फोन पॉवर बँकेला लावा. फोन चार्ज होतोय, पण पॉवर बँक गाडीच्या अर्थिंगला कुठेच टेकलेली नाही. इथे शांतता असेल तर ग्राउंड लूप पक्का. पुढे पॉवर बँकेलाच गाडीच्या चार्जरला लावून पाहिलं तर शिट्टी पुन्हा येते, कारण तिच्या दोन्ही बाजूंचा मायनस एकच असतो. मग इंजिन बंद करून चावी फक्त ॲक्सेसरीवर ठेवा आणि चार्जर लावा. रेसशी संबंध नसलेली एकसुरी चर्रचर्र आली तर ती चार्जिंगच्या करंटची. शेवटी स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टीही शून्य झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे ऑक्समधूनच शिरते आहे. व्हॉल्यूम शून्य असतानाही तेवढीच राहिली तर तिची वाट वेगळी आहे. ती स्टिरिओच्या पुरवठ्यातून किंवा बाहेरच्या अँप्लिफायरमधून येते आणि तिचा विचार या पुस्तिकेत केलेला नाही.

एका गाडीचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पुढच्या बहुतेक आकृत्या त्याच गाडीवरून काढल्या आहेत. गाडी पुण्याच्या एका टूरवाल्याची, पेट्रोल-सीएनजी सेदान. दिवसभर नकाशा चालू, म्हणून फोन कायम चार्जरला. तक्रार सांगताना तो म्हणाला, “दादा, दिवसा चालवून घेतो, पण रात्री घाटात लागलो की पॅसेंजर गाणं बंद करायला सांगतात.” आधी एका ठिकाणी त्याला डायनामो बदलायचा सल्ला मिळाला होता, दुसरीकडे स्टिरिओच्या लाल तारेवर फिल्टर बसवून दिला होता. फिल्टरने काहीच फरक पडला नव्हता आणि पडणारही नव्हता. तो फिल्टर प्लसच्या तारेतून येणारा आवाज अडवतो. इथे आवाज मायनसच्या वाटेने ऑक्समध्ये शिरत होता.

‘रात्री’ आणि ‘घाटात’ हे त्याचे शब्द मी वहीत लिहून ठेवले. घाटात खालचे गिअर लागतात, इंजिन वर फिरतं, शिट्टी कानाच्या तिखट पट्ट्यात जाते, हे एक. पण रात्रीचा काय संबंध? पॉवर बँकेवर संपूर्ण शांतता होती, म्हणजे फेरा नक्की. बॅटरीवर एसी 0.04 व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग मल्टिमीटर डीसीवर घेतला, एक टोक बॅटरीच्या मायनसवर लांब तारेने बांधलं आणि दुसरं टोक सॉकेटच्या कडेच्या पत्र्याला लावलं. दिवे बंद असताना 0.02 व्होल्ट. हेडलाइट लावले, फरक नाही. फॉग लॅम्प लावले आणि आकडा 0.18 वर उडाला. स्टिरिओच्या पत्र्यावर त्याच वेळी 0.02 च होता.

फॉग लॅम्प कंपनीचे नव्हते, नंतर बसवलेले होते. 55 वॉटचे दोन, म्हणजे इंजिन चालू असताना साधारण 8 अँपिअर. बसवणाऱ्याने त्यांची मायनसची तार डॅशबोर्डखाली आणून, सॉकेटचा मायनस जिथे कसला होता त्याच बोल्टवर कसली होती. बोल्ट रंग दिलेल्या ब्रॅकेटवर होता आणि रंग खरवडलेला नव्हता. 8 अँपिअर त्या जोडातून परतत होते आणि जोडाचा रोध 0.02 ओहम होता, म्हणून 0.16 व्होल्ट. त्यावरच्या लाटा शंभरातल्या एक हिश्शाएवढ्या धरल्या तरी 1.6 मिलिव्होल्ट होतात, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्सच्या जाळीवर पडत होता. लोणावळ्याच्या धुक्यात फॉग लॅम्प लागले की गाणं का बिघडतं, याचं उत्तर त्या बोल्टवर होतं.

काम तीन टप्प्यांत केलं. फॉग लॅम्पचा मायनस त्या बोल्टवरून काढून पुढच्या बाजूला, लॅम्पजवळच, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घेतला. मीटर 0.18 वरून 0.02 वर आला आणि घाटातली तक्रार संपली. दिवसाची बारीक शिट्टी मात्र राहिली, कारण ब्लोअरचा करंट अजून तिथूनच जात होता. म्हणून सॉकेटचा मायनस तिथून सोडवून अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेने स्टिरिओच्या अर्थिंगच्या बोल्टवर नेला. इथे एक पथ्य पाळावंच लागतं. तार स्टिरिओच्या मागच्या बारीक काळ्या तारेला जोडायची नाही, थेट पत्र्यावरच्या बोल्टवर कसायची आणि ती सॉकेटच्या फ्यूजएवढा करंट सहज पेलेल इतकी जाड हवी. उद्या कुणी त्या सॉकेटला हवा भरायचा पंप लावला तर तो 10 अँपिअर घेईल आणि तोही याच तारेने परतेल.

आता दोन्ही मायनस एका बोल्टवर आले. फेरा अजून होताच, पण पत्र्यातला फरक त्यातून बाहेर पडला होता. रेसबरोबर चढणारी शिट्टी गेली. उरली ती फोन जोरात चार्ज होताना येणारी बारीक चर्रचर्र, जी बॅटरी भरत आली की आपोआप विरत होती. ती चार्जिंग केबलची. दोन मीटरची बारीक केबल काढून अर्ध्या मीटरची जाड केबल लावली. फोनचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण आणि स्टिरिओचा कमी ठेवायला सांगितलं, म्हणजे जाळीत गाणं मोठं जातं आणि त्याच्या मानाने उरलेला आवाज लहान होतो. एवढ्यावर त्याची गाडी गेली.

प्रत्येकाला डॅशबोर्ड उघडायचा नसतो. त्यांच्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. ती ऑक्सच्या वाटेत लावायची. तिच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, एक डाव्या आवाजाला, एक उजव्याला. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण एका बाजूची तार दुसऱ्या बाजूच्या तारेला टेकत नाही, म्हणून फेरा तिथेच तुटतो. रेसची शिट्टी आणि चार्जिंगची चर्रचर्र दोन्ही एका झटक्यात जातात. तिची मर्यादाही सांगायला हवी. लहान ट्रान्सफॉर्मरला अगदी खालचे सूर पेलत नाहीत. स्वस्त डबीत तबल्याच्या डग्ग्याची घुमकी आणि ढोलाचा खालचा भाग पातळ होतो, आणि फोन पूर्ण व्हॉल्यूमवर असला तर ते सूर फाटतातही. म्हणून डबी लावल्यावर फोनचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवावा. मूळ जोड गंजका असेल तर ही डबी तो दुरुस्त करत नाही. किनारपट्टीवर, कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या गाड्यांचे अर्थिंगचे बोल्ट खाऱ्या हवेने लवकर गंजतात. तिथे शिट्टी ही त्या गंजाची आगाऊ खबर असते, आणि ती डबीने झाकण्यापेक्षा बोल्ट घासून, कसून, ग्रीस लावलेला बरा.

ब्लूटूथमुळे हा प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं. स्टिरिओतच ब्लूटूथ असेल तर ते खरं आहे, कारण फोन आणि स्टिरिओ यांच्यात तारच राहत नाही. पण जुन्या स्टिरिओसाठी जे छोटे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात, ते चार्जरवरून वीज घेतात आणि ऑक्समधून आवाज देतात. फोनच्या जागी रिसीव्हर आला, फेरा तोच राहिला. शिट्टी तशीच येते, आणि फोनला तर तारच नाही, मग ही आली कुठून म्हणून माणूस चक्रावतो. हाच प्रकार हेडफोन जॅक नसलेल्या फोनला एकाच पिनमधून चार्जिंग आणि ऑक्स काढून देणाऱ्या दुहेरी ॲडॉप्टरचा आहे. त्यात चार्जरचा मायनस आणि आवाजाचा मायनस बोटभर अंतरावर एकत्र येतात.

काही उपाय बाजारात जोरात चालतात, पण या शिट्टीवर चालत नाहीत. केबलवर चिकटवायची काळी फेराइटची गुंडाळी मेगाहर्ट्झच्या आवाजाला अडवते. 1200 किंवा 3600 हर्ट्झला ती तारेइतकीच मोकळी असते. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेने फेरा तुटत नाही. ऑक्सची तार आणि चार्जरची तार वेगळ्या बाजूने नेल्याने थोडा फरक पडू शकतो, आणि पुढे अँप्लिफायरच्या तारा टाकताना तर ते करावंच लागतं, पण इथे गळती शेजारच्या तारेतून हवेतून येत नाही, जोडलेल्या तारेतून येते. त्यामुळे तारा कितीही दूर नेल्या तरी दोन बोल्ट दोन ठिकाणीच राहतात.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. ऑक्सची जाळी एका टोकाला कापली की फेरा तुटतो खरा, पण गाण्याच्या परतीची वाटही तीच आहे. मग गाणं चार्जरमधून आणि पत्र्यातून फिरून परततं आणि आवाज आधीपेक्षा वाईट होतो. चार्जर काढला तर गाणं धड ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट याहून घातक आहे. स्टिरिओचा मायनस काढून पाहिला आणि शिट्टी बदलली, म्हणून तो तसाच सोडणारे आहेत. त्यानंतर स्टिरिओचा सगळा करंट, व्हॉल्यूम वाढवला की काही अँपिअर, ऑक्सच्या किंवा अँटेनाच्या जाळीतून परततो. तिथून फोनच्या जॅकमध्ये, फोनमधून चार्जरमध्ये. बारीक जाळी तापते, आणि फोनचा बोर्डही जळू शकतो.

पहिल्या प्रकरणात सॉकेट आणि स्टिरिओ यांचे अर्थिंगचे बोल्ट गाडीत शोधायचे कसे ते आहे. सुरुवात करण्यापूर्वी हाताशी पॉवर बँक, डीसी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर आणि बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत पोचेल अशी चार मीटर तार असावी. मल्टिमीटरच्या एसी मिलिव्होल्टच्या आकड्यावर फार विसंबू नये. बऱ्याच साध्या मीटरना काहीशे हर्ट्झच्या वरचं नीट मोजता येत नाही आणि आपली शिट्टी हजाराच्या वर असते. म्हणून या पुस्तिकेत सगळीकडे डीसीचा फरक मोजून जोड शोधला आहे: एकेक भार चालू करायचा आणि कोणत्या भाराला सॉकेटचा आकडा उडतो ते लिहून ठेवायचं.